तीन टक्के महिना म्हणजे वर्षाला किती?

"मॅडम, बँकवाले बारा टक्के सांगून राहिले होते, मी तीन टक्क्यानं घेतले. स्वस्तातले घेतले तरी फिटून काहून नाही राहिले?"

थोड्याफार फरकाने हेच मी सलूनवाल्यांकडून ऐकलंय, भाजीच्या ठेलेवाल्यांकडून ऐकलंय, म्हणून एकदा नीट लिहायचं ठरवलं. हा प्रश्न विचारणारे भाऊ नागपुरात सक्करदऱ्याकडे रेडिमेड कपड्यांचं छोटं दुकान चालवतात (ओळख पटेल असे तपशील बदललेत). मी समुपदेशन करते, माझ्याकडे ते कर्जासाठी आलेच नव्हते, झोप लागत नाही आणि पोरांवर उगाच हात उठतो म्हणून आले होते. कर्जाची गोष्ट निघाली तीसुद्धा दर महिन्याच्या पाच तारखेच्या आसपासच का बिघडतं असं मी विचारल्यावर.

दिवाळीच्या मालासाठी सावकाराकडून दोन लाख उचललेले, महिन्याला सहा हजार व्याज. चाळीस महिने झाले, एकही महिना चुकवला नाही, याचा त्यांना अभिमानही होता. मी विचारलं, मुद्दल किती राहिलं? म्हणाले, "दोन लाख." मी गप्प बसले. माणूस स्वतःच्या तोंडून आकडा बोलला की मध्ये आपण बोलायचं नाही, ही माझी जुनी सवय आहे. थोड्या वेळाने तेच म्हणाले, "म्हणजे दोन लाख चाळीस हजार गेले अन् दोन लाख तसेच?"

मग कागद घेतला. त्यांना म्हटलं, बँकेचे बारा वर्षाचे आहेत आणि तुमचे तीन महिन्याचे. महिन्याला सहा हजार म्हणजे बारा महिन्यांचे बहात्तर हजार, दोन लाखांवर ते होतात 36 टक्के. बँकेच्या तिप्पट. त्यातही पहिल्या महिन्याचं व्याज कापूनच पैसे हातात आले होते, म्हणजे मिळाले 1,94,000 आणि व्याज पूर्ण दोन लाखांवर, तिथेच दर 37 च्या वर गेला. आणि थकलेलं व्याज मुद्दलात धरायचं असं बोलणं झालं असेल तर वर्षभर काहीच न दिल्यास दोन लाखांचे साधारण दोन लाख पंच्याऐंशी हजार होतात, म्हणजे जवळपास 43 टक्के.

मला वाटलं होतं इथे ते हादरतील. पण नाही, म्हणाले, "ठीक आहे ना मॅडम, मी पण वीस टक्के मार्जिन घेतो, तीन देणं काय मोठी गोष्ट आहे?"

माझ्या मते अडकण्याचं खरं कारण या एका वाक्यात आहे, आणि ते हातात सापडलं याचं मला आजही समाधान वाटतं. दुकानदार हिशोबात कच्चा नसतो हो, उलट पक्का असतो, पण त्याचे वीस टक्के माल विकला जाईल तेव्हा एकदा मिळतात आणि सावकाराचे तीन टक्के माल विको न विको, दर महिन्याला निघतात. मी विचारलं, गांधीबागेतून आणलेला माल पूर्ण विकायला किती दिवस लागतात? "चार महिने धरा, दिवाळी सोडली तर." म्हणजे तोच पैसा वर्षात तीनदा फिरतो. दोन लाखांच्या मालावर वीस टक्क्याने चाळीस हजार, तीन वेळचे एक लाख वीस हजार. त्यातले बहात्तर हजार सावकाराचे. पेन त्यांच्याच हातात होता, त्यांनीच वजाबाकी केली, अठ्ठेचाळीस हजार उरले आणि त्यातून भाडं, लाइट बिल, पोऱ्याचा पगार. किती तरी वेळ ते त्या अठ्ठेचाळीसवर गोल काढत बसले. मग म्हणाले, "पाच रुपये कमावले की तीन त्याले देतो मी. दुकान माह्यं नाहीच, त्याचं आहे."

मी या कामात हे मानत आले आहे की भीती कमी कर म्हटल्याने कमी होत नाही, आधी तिला खरा आकडा लागतो. आकडा नसेल तर माणूस कर्जाऐवजी स्वतःलाच दोष देत बसतो, मी नालायक, माझ्याने धंदा जमत नाही वगैरे. या भाऊंचं तेच चाललं होतं. धंदा ठीक चालू होता, व्याज त्याला खात होतं.

पुढच्या वेळी मी त्यांना बायकोला घेऊन यायला सांगितलं. ते नको म्हणत होते, तिला माहीत नाही म्हणे. ताई आल्या आणि पहिलंच वाक्य, "मले काय समजत नाही वाटते? गल्ला रात्री मीच मोजते ना, दर पाच तारखेले सहा हजार कमी रायतात." दोघंही तीन वर्षं एकमेकांपासून हेच लपवत होते. सोनं ठेवायचा विषय ताईंनीच काढला.

तेव्हा मी दुसरा आकडा काढून दाखवला. दोन लाख, वर्षाला 12 टक्के, घटत्या शिल्लकीवर म्हणजे जेवढं मुद्दल राहिलं तेवढ्यावरच व्याज, तीन वर्षांत फेडायचे तर हप्ता येतो साधारण 6,643. म्हणजे आता देता त्यापेक्षा महिन्याला साडेसहाशेच जास्त, पण तीन वर्षांनी कर्ज शून्य. पूर्ण तीन वर्षांचं व्याज एकोणचाळीस हजार, तेवढं सावकाराला सात महिन्यांत जातं. ताईंनी भाऊंकडे पाहिलं, भाऊंनी खाली.

इथे एक गोष्ट नक्की विचारा, तुम्ही कोणाकडूनही कर्ज घेत असाल तरी. व्याज घटत्या शिल्लकीवर आहे की फ्लॅट? माझ्याकडच्या एका ठेलेवाल्याला दोन लाखांवर तीन टक्के फ्लॅट लावून वर्षभराचे बहात्तर हजार आधीच जोडले होते आणि बारा हप्ते पाडले, महिन्याला 22,667. मुद्दल दर महिन्याला कमी होत जातं पण व्याज शेवटपर्यंत पूर्ण दोन लाखांवरच, त्यामुळे खरा दर महिन्याला पाच टक्क्यांच्या वर पडतो, वर्षाला साठच्या पुढे.

कायद्याचंही सांगते, कारण हे बहुतेकांना माहीत नसतं. 2014 च्या महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियमाप्रमाणे परवान्याशिवाय सावकारी करता येत नाही, आणि शेतकरी नसलेल्याला विनातारण कर्जावर सरकारने ठरवलेला कमाल दर वर्षाला 18 टक्के आहे, तारण असेल तर 15. शिवाय मुद्दलापेक्षा जास्त व्याज वसूल करता येत नाही. या भाऊंचे दोन लाख कधीच ओलांडले होते आणि समोरच्याकडे परवानाही नव्हता. सहकार खात्याच्या सहाय्यक निबंधकांकडे लेखी तक्रार करता येते हे मी सांगितलं, पण गल्लीतलाच माणूस म्हणून त्यांनी ती केली नाही, तो त्यांचा निर्णय. मात्र मोठ्या साळ्याला सोबत घेऊन गेले, चाळीस महिन्यांचा हिशोब समोर ठेवला आणि दोन-तीन चकरांनंतर समोरच्याने पंचवीस हजार सोडले. राहिलेले पावणेदोन लाख सोनं ठेवून सहकारी बँकेतून घेतले, हप्ता सहा हजारांच्या आतच बसला.

पैसे द्यायला जाताना मी एक अट घातली होती. रोख द्यायचे नाहीत, खात्यातून द्यायचे, आणि सही केलेले कोरे चेक व स्टॅम्प पेपर हातात पडल्याशिवाय, "येणे बाकी नाही" असं लिहून घेतल्याशिवाय उठायचं नाही. भाऊंनी दिले होते तीन चेक, समोरच्याने दोनच काढले. ताईंनी तिसऱ्याचा नंबर चेकबुकाच्या अर्ध्या पानावरून वाचून दाखवला, तेव्हा तोही निघाला.