मुलाखतींतली सोयीचीच वाक्यं उचलली जाऊ नयेत म्हणून काय करावं?

प्रश्न: प्रबंधासाठी आशा सेविकांच्या १८ मुलाखती कोड केल्यात. पण थीमला सोयीची वाक्यंच उचलली जातायत, असं गाइड म्हणतात. काय करू?

उत्तर: आधी थीम पूर्ण वाक्यात लिहा. ‘मानधन’ हा नुसता विषय झाला. ‘मानधन उशिरा येतं म्हणून घरचे लोक काम सोडायला सांगतात’ हा दावा, आणि दावाच खोडून बघता येतो.

मग एक्सेलमध्ये एका ओळीला एक मुलाखत घ्या आणि तीन रकाने करा: दाव्याच्या बाजूचं, विरुद्ध, आणि विषयच निघाला नाही. विरुद्धचा रकाना मुद्दाम शोधून भरा. समजा, चौघींच्या घरचे उलट पाठिंबा देतात आणि चौघींच्याही घरात दुसरा पगार आहे. मग दावाच बदलतो: जिथे दुसरी कमाई नाही, तिथे काम सोडायचा दबाव येतो. या चौघींपैकी एकीचं अवतरण प्रकरणात हवंच.

अवतरणाच्या आधीचा तुमचा प्रश्नही वाचा. ‘घरचे कुरकुर करतात का?’ यावर आलेलं ‘हो ना’ पुरावा म्हणून फार हलकं. प्रत्येक अवतरणापुढे मुलाखत क्रमांक टाका, सगळी चटकदार वाक्यं दोघी बोलक्या ताईंचीच असली (हमखास असतात!) तर लगेच दिसतं.