सहयोगी कंपनीचा नफा आणि आमचा लाभांश

प्रश्न : आमच्या घरच्या प्रायव्हेट लिमिटेड कंपनीने 1 एप्रिल 2024 रोजी एका कंपनीचे 30 टक्के शेअर्स 40 लाखांना घेतले. वर्षभरात त्या कंपनीला करानंतर 20 लाख नफा झाला आणि तिने 5 लाख लाभांश वाटला. आमच्या बँकेत 1,35,000 आले. सीएंनी एकत्रित ताळेबंदात गुंतवणूक 44.50 लाख दाखवली आहे. धाकटा भाऊ म्हणतो, 6 लाख नफा आणि वर हा लाभांश, दोन्ही आपल्यात वाटा. काय करावे?

उत्तर : सीएंचा आकडा बरोबर आहे, भावाची मागणी नाही. कंपनी कायद्याच्या कलम 2(6) नुसार 20 टक्के किंवा जास्त मताधिकार असला की ती तुमची सहयोगी कंपनी होते, आणि मग कलम 129(3) प्रमाणे स्वतंत्र हिशेबांसोबत एकत्रित हिशेबही सभेपुढे ठेवावे लागतात. इक्विटी पद्धत फक्त त्या एकत्रित हिशेबात येते. तिथे 40 लाखांत तुमच्या वाट्याचा 6 लाख नफा मिळवायचा आणि 1.50 लाख लाभांश वजा करायचा, म्हणजे 31 मार्च 2025 ला 44.50 लाख. लाभांश हा त्याच नफ्यातून हाती आलेला पैसा. तो पुन्हा उत्पन्न धरला तर तीच रक्कम दोनदा मोजली जाते.

बँकेत कमी आले म्हणून 1.35 लाखच वजा करू नका. 15,000 टीडीएस कापला गेला आहे. तो करखात्याकडे जमा असलेली तुमची रक्कम म्हणून वेगळा दिसेल.

आता वाटपाचे. कलम 123 प्रमाणे लाभांश कंपनीच्या स्वतःच्या नफ्यातून द्यायचा असतो, म्हणून स्वतंत्र ताळेबंद पाहायचा. तिथे गुंतवणूक 40 लाखांवरच राहते आणि 6 लाख कुठेच नसतात. उरलेले 4.50 लाख त्या कंपनीच्याच तिजोरीत आहेत, आणि 30 टक्क्यांच्या जोरावर ते काढून घेता येत नाहीत.

1.50 लाख तरी उत्पन्न धरता येतात का? त्यासाठी त्या कंपनीचा लाभांशाचा ठराव मागवा. 2024-25 च्या नफ्यातला अंतरिम लाभांश असेल तर प्रश्न नाही. पण तो 2023-24 चा अंतिम लाभांश असेल, तर तो तुम्ही शेअर्स घेण्यापूर्वीच्या नफ्यातला झाला. तुमच्यासारख्या छोट्या कंपनीला लागू असलेल्या एएस 13 या लेखा मानकाप्रमाणे असा लाभांश सहसा गुंतवणुकीच्या किमतीतून वजा होतो. म्हणजे स्वतंत्र ताळेबंदात 38.50 लाख आणि वाटायला यातले काहीच नाही. एकत्रित आकडा मात्र दोन्ही वेळा 44.50 लाखच. घरच्या कंपन्यांत हा ठराव सहसा कोणी वाचत नाही, आणि भांडण नेमके तिथेच अडते.

भावाला दोन्ही ताळेबंद शेजारी ठेवून दाखवा. एओसी-1 विवरणपत्रात तुमच्या वाट्याचा नफा लिहिलेला असतो. तो बहुधा त्यातलाच आकडा धरून बोलतो आहे.