कागद बँकेत अडकलेत, आयकर नोटिशीला मुदत कशी मागू?

१४२(१)ची नोटीस आलीय. बंद खात्याचे उतारे बँकेकडून यायचेत. मुदतवाढीचं पत्र कसं लिहू?

मूळ तारीख उलटण्याआधीच पोर्टलवर e-Proceedings मध्ये जाऊन मुदतवाढ मागा. नुसतं ‘कागद मिळाले नाहीत’ लिहू नका. बँकेकडे कधी मागणी केली ते सांगा आणि पोच जोडा. असं लिहा:

‘मागवलेल्या सहा बाबींपैकी पाचांचा तपशील सोबत जोडला आहे. बंद खात्याच्या उताऱ्यासाठी ५ तारखेला बँकेला अर्ज दिला आहे, पोच जोडली आहे. कृपया २५ तारखेपर्यंत मुदत द्यावी.’

वर पॅन, निर्धारण वर्ष आणि नोटिशीचा क्रमांक हवाच. हाताशी असलेले कागद मात्र अडवून ठेवू नका. आणि पोर्टलवर मंजुरी दिसेपर्यंत जुनीच तारीख खरी धरा. मुदतीत उत्तर दिलं नाही तर १०,००० रुपये दंड होऊ शकतो.