पाठीवर ३० मीटर लिहिलंय, म्हणजे काय?

प्रश्न : वडिलांचं सेलवर चालणारं घड्याळ ऑनलाइन विकायचं आहे. पाठीवर ‘वॉटर रेझिस्टंट ३० मीटर’ आहे. वर्णनात वॉटरप्रूफ लिहिलं तर चालेल ना? बाकी काय काय लिहू?

नाही चालणार. माझं मालवणात घड्याळ दुरुस्तीचं दुकान आहे. मे महिन्यात या एका शब्दावर विसंबून बुडवलेली घड्याळं माझ्या टेबलावर येतात.

३० मीटर म्हणजे तेवढ्या खोल स्थिर पाण्याचा, ३ बारचा दाब. नवं घड्याळ तो सोसतं. पण हात मारत पोहणं वेगळं. व्यवहारात ३० मीटर म्हणजे पावसाचे शिंतोडे आणि हात धुणं. पोहायला मी १०० मीटरच्या खालचं सुचवत नाही. शिवाय झाकणाखालची बारीक रबरी रिंग वर्षांनी कडक होते, सेल बदलताना घाईत झाकण बसवलं तर चिमटते.

गेल्या मे महिन्यात एक गिऱ्हाईक असंच ‘वॉटरप्रूफ’ म्हणून घेतलेलं जुनं घड्याळ घालून तारकर्लीला स्नॉर्केलिंगला गेलं. संध्याकाळी काचेला आतून वाफ धरली. उन्हात ठेवल्यावर ती गेली, म्हणून माणूस निश्चिंत. आठ दिवसांत घड्याळ बंद. उघडलं तर चावीच्या दांडीभोवती मिठाचा पांढरा थर, कॉइलची तार हिरवी पडून तुटलेली. पाणी सुकतं, मीठ आतच राहतं.

म्हणून सरळ लिहा : ‘पाठीवर ३० मीटर. सेल बदलल्यावर दाबाची चाचणी केलेली नाही. पाण्यात घालू नये.’ गिऱ्हाईक कमी येतील, पण तक्रार घेऊन परत कोणी येणार नाही.

मशीनबद्दल ‘क्वार्ट्झ, सेलवर चालणारं’ एवढं पुरे. सेल बदलताना दुकानदाराला मशीनवरचा नंबर वाचायला सांगा. तो दिलात तर जाणकार निर्धास्त होतो.

काचेबद्दल लोक सर्रास ‘सफायर’, म्हणजे सहज ओरखडे न पडणारी काच, असं ठोकून देतात. डायलवर किंवा पाठीवर तसं लिहिलेलं नसेल तर लिहू नका. आपल्या किनाऱ्याची वाळू बरीचशी क्वार्ट्झची, मोह्स मापात कठीणपणा ७. साधी मिनरल काच त्याहून मऊ, सफायर ९. वडील ते घालून किनाऱ्यावर फिरत असतील आणि काच ओरखड्यांनी भरली असेल, तर ती सफायर नाही. दातावर हलकेच टेकवा : थंड, टणक लागली तर काच, मऊ आणि बोदा आवाज आला तर प्लास्टिक. प्लास्टिकचे ओरखडे पॉलिशने जातात, हेही लिहा.

पट्टा ‘मोठा’ म्हणू नका. बक्कलाचा तुकडा आणि भोकांचा तुकडा वेगवेगळे मोजा, बक्कलाची जीभ धरू नका. उदाहरणार्थ ७५ आणि ११५ मिलिमीटर, पट्टा अडकतो त्या कानांमधली रुंदी १८. शिवाय पहिल्या आणि शेवटच्या भोकात लावून आतला घेर मोजा, कारण घेणाऱ्याला आपल्या मनगटाचाच आकडा माहीत असतो. चामड्याचा असेल तर आतली बाजू उलटून फोटो टाका. इथल्या पावसाळ्यात बुरशी तिथेच धरते.