पालीतलं जोडाक्षर उलगडायचं कसं?

प्रश्न: शाळेत संस्कृत झालंय. पाली वाचायला घेतलं की 'मग्ग', 'सत्त', 'अज्झत्त' असे शब्द दर वेळी कोशात बघावे लागतात. मूळ संस्कृत शब्द नुसता बघून ओळखता येतो का?

उत्तर: बऱ्याचदा येतो. पालीला दोन वेगवेगळी व्यंजनं जोडलेली सहसा चालत नाहीत. त्यातलं दुबळं व्यंजन बलवानासारखं होतं आणि द्वित्त तयार होतं. बळाचा उतरता क्रम साधारण असा: वर्गीय व्यंजनं (क, त, प वगैरे), मग श-ष-स, मग अनुनासिकं, मग ल, व, य आणि शेवटी र. र जवळजवळ नेहमी हरतो: धर्म > धम्म, चक्र > चक्क, दुर्लभ > दुल्लभ. दोन्ही वर्गीय असली तर दुसरं टिकतं: सप्त > सत्त, दुग्ध > दुद्ध, शब्द > सद्द.

म्हणजे द्वित्त दिसलं की पहिल्या जागी 'इथे आधी काय होतं?' हे विचारायचं. उत्तराच्या शक्यता थोड्याच असतात, आणि त्या कमी करणाऱ्या दोन खुणा शब्दातच मिळतात.

पहिली खूण महाप्राणाची. क्ख, ट्ठ, त्थ, प्फ असं काही दिसलं तर श-ष-स गेला असण्याचा संभव मोठा: हस्त > हत्थ, अष्ट > अट्ठ, पुष्प > पुप्फ, भिक्षु > भिक्खु. मात्र महाप्राण मुळातलाही असू शकतो (अर्थ > अत्थ, गर्भ > गब्भ), तेव्हा दोन्ही करून बघा. उलट बाजूची एक फसगत म्हणजे उपसर्गाची सीमा. तिथे ऊष्म जाऊनही पुष्कळदा महाप्राण येत नाही: दुष्कर > दुक्कर, दुश्चरित > दुच्चरित.

दुसरी खूण तालव्याची. च्च, ज्ज, ज्झ, ञ्ञ दिसलं की दंत्य अधिक य आठवा: सत्य > सच्च, विद्या > विज्जा, मध्य > मज्झ, अन्य > अञ्ञ. ञ्ञच्या मागे ण्य किंवा ज्ञही असतो: पुण्य > पुञ्ञ, संज्ञा > सञ्ञा.

स्वराकडेही लक्ष हवं, कारण नवशिके इथेच अडतात. पालीत द्वित्ताआधी दीर्घ स्वर सहसा ऱ्हस्व होतो. म्हणून 'मग्ग'मागे फक्त 'मर्ग' शोधलंत तर हाती काही लागत नाही, स्वर दीर्घ केला की 'मार्ग' मिळतो. 'सुत्त'वरून 'सूत्र' तसंच.

आता तुमचा 'अज्झत्त'. ज्झ म्हणजे ध्य, कारण महाप्राण आणि तालव्य दोन्ही आहेत. त्त म्हणजे त + काहीतरी, किंवा काहीतरी + त. मधला अ मुळात आ असू शकतो. अध्य + आत् + ? एवढं जुळलं की 'अध्यात्म' दिसायला लागतं. त्म मधला म अनुनासिक, म्हणून तो हरला. आत्मा > अत्ता तसाच.

धम्मपदातल्या २७७व्या गाथेवर हात चालवून बघा: 'सब्बे सङ्खारा अनिच्चा'ति यदा पञ्ञाय पस्सति'. सब्बे म्हणजे सर्वे. र गेल्यावर होणारा व्व पालीत ब्ब होतो, 'निब्बान' तसाच. अनिच्चा म्हणजे अनित्याः. पस्सति म्हणजे पश्यति. सङ्खारा म्हणजे संस्काराः; स्क चा क्ख व्हायला हवा होता, पण आधी अनुनासिक असल्याने एकच ख उरला. पञ्ञाय म्हणजे प्रज्ञया: शब्दाच्या सुरुवातीला द्वित्त चालत नाही, म्हणून प्र चा नुसता प. तसेच समण (श्रमण), झान (ध्यान), खन्ध (स्कन्ध).

मराठी येणाऱ्याला इथे आयती मदत आहे. आपल्याकडे पुढे द्वित्त सुटलं आणि आधीचा स्वर दीर्घ झाला: सत्त – सात, अट्ठ – आठ, हत्थ – हात, चक्क – चाक, अज्ज – आज. मराठी पालीतून आलेली नाही, ती महाराष्ट्री प्राकृताच्या वाटेने आली. पण द्वित्ताची पायरी दोन्हीकडे सारखी, त्यामुळे शब्द अडला की मराठी रूप आठवून बघायला हरकत नाही.

खरी अडचण वेगळीच आहे. रूपावरून मूळ एकच निघेल असं नाही. 'सत्त' म्हणजे सप्त, सत्त्व किंवा सक्त. 'पत्त' म्हणजे पत्र, पात्र किंवा प्राप्त. 'मुत्त' म्हणजे मुक्त आणि मूत्रही. अशा ठिकाणी आधी शब्दाचं काम बघा: 'सब्बे सत्ता' मध्ये 'सर्व' हे विशेषण लागलेलं अनेकवचनी नाम हवंय, म्हणून सत्त्व, म्हणजे प्राणी. सात बसत नाही, कारण 'सत्त' ही संख्या 'सत्ता' असं रूप घेत नाही.

आणि द्वित्तच नसेल तर? मग मध्ये स्वर घालून जोडाक्षर फोडलं असेल: रत्न > रतन, आर्य > अरिय, भार्या > भरिया. तिथे तो स्वर काढून बघा. किंवा द्वित्त टाळून स्वर दीर्घच ठेवला असेल, जसं दीर्घ > दीघ.