चिठ्ठीवरच्या ऑर्डरवरून स्लायडिंग स्केलचा चार्ट

प्रश्न: मेडिसिन वॉर्डात नवीन स्टाफ नर्स आहे. एंडोचे सर राउंडला आले आणि केसपेपरवर एवढंच लिहून गेले: "जेवणाआधी व झोपताना शुगर. प्लेन इन्सुलिन स्केलप्रमाणे: १५०-२०० ला ४, २००-२५० ला ६, २५०-३०० ला ८, ३०० वर १० आणि कळवा. ग्लार्जिन १२ रात्री." पेशंट ६२ वर्षांचे बाबा, पायाला जखम, तोंडाने जेवतात, क्रिएटिनीन २.४. यावरून चार्ट कसा आखू?

उत्तर:

पट्टी-पेन हातात घेण्याआधी एक करा. २०० हा आकडा या ऑर्डरमध्ये शोधा. तो दोन ओळींत सापडतो, एकीत ४ युनिट, दुसरीत ६. रात्रपाळीची सिस्टर ४ देईल, सकाळची ६ देईल आणि दोघीही ऑर्डरप्रमाणेच वागलेल्या असतील. आता शुगर ६२ आली तर काय ते शोधा, ते कुठेच नाही. चार्ट म्हणजे ऑर्डरची सुवाच्य नक्कल नव्हे. मीटरवर कोणताही आकडा आला तरी तो एकाच ओळीत बसला पाहिजे आणि त्या ओळीत एकच काम लिहिलेलं असलं पाहिजे. जिथे हे होत नाही तिथे स्वतःच्या मनाने भरायचं नाही, सरांना फोन करायचा.

तुमच्या ऑर्डरवर मी चार गोष्टी विचारल्या असत्या. पहिली, क्रिएटिनीन २.४ आहे, हेच डोस ठेवायचे का? किडनी मंद असली की इन्सुलिन शरीरात जास्त वेळ रेंगाळतं आणि साखर उशिरा, पण खोल पडते. लिहिताना सरांसमोर रिपोर्ट होता की नाही, ते आपल्याला माहीत नसतं. दुसरी, झोपतानाही हेच स्केल का? तिसरी, बाबांना ड्रेसिंग किंवा ऑपरेशनसाठी उपाशी ठेवलं तर काय? चौथी, शुगर १५० च्या आत आली तरी ग्लार्जिन द्यायचंच ना?

चौथा प्रश्न बावळट वाटतो, पण तोच मला महागात पडला होता. मी नवीन असताना रात्री एका पेशंटची शुगर १३८ आली. चार्टवर त्या ओळीत "इन्सुलिन नाही" एवढंच होतं. मी प्लेन दिलं नाही आणि ग्लार्जिनही ठेवून दिलं. सकाळी शुगर ३१० होती. ग्लार्जिन हा दिवसभराचा पाया आहे आणि स्केल ही वरची डागडुजी. म्हणून दोघांचे रकाने वेगळे आखा आणि स्केलच्या ओळीत "प्लेन नाही" असं लिहा, नुसतं "इन्सुलिन नाही" नको.

अशाच एका पेशंटसाठी मी फोन केला तेव्हा सरांनी सगळे डोस दोनने कमी केले आणि झोपतानाचं स्केल वेगळं सांगितलं. तो चार्ट असा झाला होता. हे आकडे त्या पेशंटचे आहेत, तुमच्या बाबांचे तुमच्या सरांकडूनच घ्या.

७० च्या खाली: प्लेन नाही, हायपोचे उपचार, लगेच कळवा
७० ते १५०: प्लेन नाही
१५१ ते २००: २ युनिट
२०१ ते २५०: ४ युनिट
२५१ ते ३००: ६ युनिट
३०१ व वर, किंवा मीटरवर `HI`: ८ युनिट आणि लगेच कळवा
झोपताना: २५० पर्यंत प्लेन नाही, २५१ ते ३०० ला २ युनिट, ३०१ व वर ४ युनिट आणि कळवा

"युनिट" हा शब्द प्रत्येक ओळीत पूर्ण लिहा. घाईत काढलेला इंग्रजी यू शून्यासारखा दिसतो आणि ४ चे ४० होतात. हायपोच्या ओळीत काय करायचं तेही तिथेच लिहा, दुसऱ्या पानावर नको. शुद्धीवर असेल तर तीन-चार चमचे साखर पाण्यातून आणि १५ मिनिटांनी पुन्हा शुगर. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही घालायचं नाही, शिरेतून डेक्स्ट्रोज द्यायचं. त्याची मात्रा वॉर्डच्या पद्धतीप्रमाणे सरांकडून लिहून घ्या.

झोपतानाचं स्केल वेगळं का, ते त्याच पेशंटच्या रात्रीवरून सांगते. रात्री सव्वाआठला शुगर २६८, ६ युनिट दिले. सव्वादहाला पाहिली तर २५६. दिवसाचं स्केल लावलं असतं तर आणखी ६ गेले असते. पण त्वचेखाली दिलेलं प्लेन दोन ते चार तासांनी सगळ्यात जोरात असतं आणि सहा-आठ तास चालतं. म्हणजे आधीचे ६ अजून रंगात आलेले असताना त्यावर दुसरे ६ चढले असते आणि पेशंट पहाटे घामाने भिजलेला सापडला असता. वेगळ्या स्केलने २ युनिट गेले, आम्ही तीन वाजता पुन्हा पाहिलं, १७४. त्या शुगरवर काही दिलं नाही, कारण ती फक्त पाहण्यासाठी होती. मधल्या वेळी नातेवाइकांच्या आग्रहाने पाहिलेल्या शुगरलाही स्केल लागत नाही, हे चार्टच्या डोक्यावर लिहून ठेवा.

वेळेच्या रकान्यात "सकाळी ८, दुपारी १, रात्री ८" लिहू नका, "जेवणाआधी" लिहा. आपल्याकडे अर्ध्या पेशंटचा डबा गावाहून एसटीने येतो. आठला इंजेक्शन दिलं आणि भाकरी साडेनऊला आली की मधला दीड तास पेशंट उपाशीपोटी इन्सुलिनवर. मी डबा वॉर्डात आल्याचं डोळ्यांनी पाहते, मग शुगर, मग इंजेक्शन आणि अर्ध्या तासाने जेवण. म्हणून चार्टवर शुगरची वेळ आणि इंजेक्शनची वेळ असे दोन रकाने ठेवा. शेजारी "जेवले का" हा एक छोटा रकाना आखा. पुढच्या पाळीला पडलेल्या शुगरचं कारण तिथेच सापडतं.

सिरिंजही चार्टवर लिहाच. वॉर्डातली प्लेनची बाटली बहुधा ४० ची असते, म्हणजे एका मिलीत ४० युनिट, आणि तिला लाल टोपीची सिरिंज. ग्लार्जिन १०० चं. कुणी ग्लार्जिन लाल टोपीच्या सिरिंजमध्ये १२ च्या खुणेपर्यंत ओढलं तर ते ०.३ मिली होतं, म्हणजे ३० युनिट. उलट ४० ची बाटली आणि १०० ची सिरिंज घेतली तर ६ च्या खुणेला जेमतेम अडीच युनिट जातात, मग शुगर का उतरत नाही म्हणून सगळे डोस वाढवत बसतात. बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा जुळला की मगच ओढा.

फोनवर मिळालेली ऑर्डर परत वाचून दाखवा, वेळ टाका आणि पुढच्या राउंडला सरांची सही घ्या.

चार्टच्या खाली एक बेरजेची ओळ ठेवा, २४ तासांत प्लेन किती गेलं त्याची. त्या पेशंटचे ४, ६, ६ आणि २ मिळून १८ झाले. सकाळी मी सरांना चार शुगरऐवजी आधी ही बेरीज सांगितली. रोज १८ युनिटची डागडुजी लागते म्हणजे पाया कमी पडतोय. सरांनी ग्लार्जिन १२ चं १६ केलं. मी जुन्या चार्टवर आडवी रेघ मारून "बंद" लिहिलं, सही-तारीख टाकली आणि नवा आखला. जुन्यातच खाडाखोड करून १२ चे १६ करू नका.