भाडेकरू गेला, भाड्याचा कर राहिला

प्रश्न : ठाण्यात वर्तकनगरला माझा फ्लॅट आहे. महिना १५,००० रुपये भाडं घेत होतो, भाडेकरूने ३१ मे रोजी जागा सोडली. आता आम्हीच राहतो. पालिकेच्या विशेष नोटिशीत करयोग्य मूल्य १९,४४० वरून १,६२,००० झालंय, वर्षाचा कर ८,४०० वरून ७०,०००! बिलही आलंय. ते न भरता भांडू, की एफडी मोडून भरू?

उत्तर : भांडा, पण भरून भांडा.

पालिकेचं गणित सरळ आहे. १५,००० गुणिले १२ म्हणजे १,८०,०००, त्यातून दुरुस्तीपोटी १० टक्के वजा, उरले १,६२,०००. म्हणजे बेरीज-वजाबाकी चुकलेली नाही. फ्लॅट अजून भाड्याने दिलेला आहे, हे गृहीतक चुकलंय. हरकत त्याच्यावरच घ्या. ‘कर फार आहे’ एवढंच लिहिलंत तर अर्ज फुकट गेला, कारण सुनावणीत मूल्य तपासतात, कराचा दर नाही. एप्रिल-मेमध्ये भाडं चालू होतं, ते दोन महिने मान्य करून टाका. मागणी १ जूनपासूनचीच ठेवा.

पुराव्यात लिव्ह अँड लायसन्सचा करार आणि ताबा परत मिळाल्याचं पत्र हवंच. पण माझ्या मते सगळ्यांत बोलका कागद सोसायटीचं मेंटेनन्स बिल. फ्लॅट भाड्याने असताना त्यात बिनभोगवटा शुल्क लागतं. जूनपासून ते बंद झालं असेल, तर आधीचं आणि नंतरचं अशी दोन्ही बिलं जोडा. जूननंतरही लागत असेल तर आधी सोसायटीकडून दुरुस्त करून घ्या, नाहीतर ते तुमच्याच अंगावर येईल.

नोटिशीत हरकतीची शेवटची तारीख छापलेली असते. त्याआधी अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर आवकचा शिक्का घ्या. माझ्या मामांनी अर्ज दिला होता, पण शिक्का नव्हता. पुढे सिद्धच करता आलं नाही. सुनावणीला स्वतः जा. गैरहजर राहिलात तरी निकाल होतो.

आता पैसे. थकबाकीवर दरमहा २ टक्के शास्ती लागते. ७०,००० वर महिन्याला १,४०० झाले. तेवढ्याच रकमेच्या एफडीवर ७ टक्के धरले तरी महिन्याला जेमतेम ४०० मिळतात. जुन्या हिशेबाचे ८,४०० भरून फरक रोखला, तरी त्या फरकावर शास्ती चालूच राहणार. शिवाय बिल आल्यावर मूल्याविरुद्ध अपील करायचं तर महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ४०६ प्रमाणे मागणीची रक्कम आधी जमा करावीच लागते. म्हणून ‘हरकत राखून’ असं पत्र देऊन भरा. एफडी मुदतीच्या जवळ आली असेल तर मोडण्यापेक्षा तिच्यावर कर्ज काढा.

हरकत फेटाळली तर ठाण्याच्या दिवाणी न्यायालयात अपिलाला फक्त १५ दिवस मिळतात. हरकतच घेतली नसेल तर तो रस्ताही बंद. आदेशाची प्रत हातात पडली की त्याच आठवड्यात वकील गाठा. वर्षाला साठेक हजारांचा फरक असताना फी परवडते. निकाल बाजूने लागला तर जादा भरलेले पैसे पुढच्या बिलांत वळते करा, असं हरकतीच्या अर्जात आत्ताच लिहून ठेवा.